मक्त्याचा पैसा, बटईचा पैसा: रोखे आणि शेअर

वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. आंबिया बहाराचा बगीचा विकला तर दिवाळीच्या मागेपुढे, मृगाचा असला तर फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, व्यापाऱ्याकडून एकदम रक्कम हाती पडते. त्यातून सोसायटीचे कर्ज फिटते, खत-फवारणीची उधारी चुकती होते, आटलेल्या बोअरचे काम निघते. ज्याची झाडे त्या वर्षी धरली आणि फळगळीतून वाचली, त्याच्याकडे दोन-चार लाख उरतात. पूर्वी हा पैसा सोने, वावर नाहीतर बँकेची एफडी यांत जाई. आता डिमॅट खाते उघडलेला एखादा तरुण जवळपास प्रत्येक घरात आहे आणि त्याच्या मोबाइलवर एकाच कंपनीचा शेअरही दिसतो, रोखाही दिसतो. दोन्हीत पैसे घालता येतात, दोन्हींचा भाव वरखाली होतो, म्हणून दोन्ही एकाच जातीचे वाटतात. प्रत्यक्षात पैसे देणाऱ्याचे नातेच दोन्ही ठिकाणी वेगळे असते.

हे नाते वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला नवे नाही. वावर मक्त्याने दिले की वर्षाची रक्कम आधीच ठरते. मग पीक भरघोस येवो की गारपिटीत जावो, मालक तेवढेच मागणार आणि करणाऱ्याने तेवढे दिलेच पाहिजेत. वावर बटईने दिले तर ठरलेली रक्कम नसते, ठरलेला हिस्सा असतो: जे पिकेल त्यातला वाटा, आणि काही पिकले नाही तर वाटाही नाही. रोखा म्हणजे मक्ता, शेअर म्हणजे बटई. उपमा एवढ्यापुरतीच धरावी, कारण शेअर घेणारा हंगामापुरता वाटेकरी नसतो. तो कंपनीचा कायमचा भागीदार असतो, आणि पुढच्या सगळ्या हंगामांवर त्याचा हक्क राहतो.

आधी रोखा पाहू, कारण त्याचा हिशेब कागदावर पूर्ण मांडता येतो. रोखा म्हणजे कर्जाची चिठ्ठी. घेणारा सरकार असो, महापालिका असो की कंपनी, तो तीन गोष्टी लिहून देतो: मुद्दल किती, व्याज किती आणि कधी, आणि मुद्दल परत कोणत्या तारखेला. पुणे महापालिकेने २०१७ साली पाणीपुरवठ्याच्या कामासाठी २०० कोटी रुपयांचे रोखे काढले, त्यांवर ७.५९ टक्के व्याज होते. केंद्र सरकारही सतत रोखे काढते. नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून सामान्य माणूस दहा हजारांपासून ते थेट घेऊ शकतो.

त्यातला एक रोखा जवळून बघा. पडद्यावर त्याचे नाव `7.10% GS 2034` असे दिसते. नावातच सगळा करार आहे: वर्षाला ७.१० टक्के व्याज, भारत सरकारचे कर्ज, परतफेड २०३४ साली. एक लाखाचा रोखा घेतला तर दर सहा महिन्यांनी ३,५५० रुपये खात्यात येतात आणि शेवटच्या दिवशी मुद्दलाचे एक लाख. मधल्या काळात सरकारचा महसूल वाढला म्हणून ३,५५० चे ३,६०० होत नाहीत, घटला म्हणून ३,५०० ही होत नाहीत. रोख्याची मुख्य कमाई ही एवढीच.

मग रोख्याचा भाव का हलतो? समजा रोख्याला दहा वर्षे शिल्लक आहेत आणि बाजारात व्याजदर वाढून सरकार नवे रोखे ८ टक्क्यांनी काढू लागले. आता तुमचा ७.१० टक्क्यांचा कागद कोणी पुरे एक लाख देऊन घेणार नाही, कारण तेवढ्याच पैशात त्याला वर्षाला आठ हजारांचा नवा कागद मिळतो. तो घेईल, पण स्वस्तात. हिशेब केला तर तो भाव साधारण ९३,९०० रुपये निघतो. उलट दर उतरून ६ टक्क्यांवर आले, तर तुमच्या जुन्या कागदाला मागणी येते आणि तोच रोखा १,०८,२०० च्या आसपास विकतो. म्हणजे व्याजदर चढले की जुन्या रोख्याचा भाव पडतो आणि दर पडले की भाव चढतो. मुदतीपर्यंत थांबणाऱ्याला या चढउताराची झळ लागत नाही, त्याला ठरलेले हप्ते आणि ठरलेले एक लाख मिळतातच. झळ लागते ती मध्येच पैशाची गरज पडून विकायला निघालेल्याला. जितकी मुदत लांब तितकी ही झळ मोठी. सरकारी रोख्यात अजिबात धोका नाही असे जे सर्रास सांगितले जाते, ते या कारणाने अर्धेच खरे आहे.

दुसरी झीज हळू होते म्हणून ती दिसत नाही. दहा वर्षांनी परत मिळणारे एक लाख हे आजचे एक लाख नसतात. महागाई सरासरी ५ टक्के राहिली, तर त्या रकमेत आजच्या सुमारे ६१ हजारांचाच माल येईल. व्याजातला बराचसा भाग ही झीज भरण्यातच जातो. खताच्या पोत्याचा आणि मजुरीचा दहा वर्षांपूर्वीचा दर ज्याच्या लक्षात आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता शेअर. शेअरवर काहीच लिहून दिलेले नसते, ना व्याज, ना मुदत, ना मुद्दल परत करण्याची तारीख. मग पैसा येतो कुठून, हे एका कल्पित कारखान्यावर पाहू. समजा वरूडजवळ संत्री धुऊन, प्रतवारी करून, मेणाचा थर देऊन पेट्या भरणारी एक कंपनी उभी राहिली. खर्च दहा कोटी. त्यातले सहा कोटी तिने दहा रुपयांचे साठ लाख शेअर विकून उभे केले आणि चार कोटी ९ टक्क्यांच्या रोख्यांतून. रोखेधारकांचे वर्षाचे व्याज झाले ३६ लाख.

चांगल्या वर्षी माल भरपूर, बांगलादेशची वाट मोकळी, दर बरे. मजुरी, वीज, घसारा सगळे जाऊन कंपनीकडे १ कोटी ५६ लाख उरले. पहिले ३६ लाख रोखेधारकांचे. उरलेल्या १ कोटी २० लाखांवर सुमारे पाव भाग कर धरला तर ९० लाख राहतात, आणि ते सगळे शेअरधारकांचे. साठ लाख शेअर, म्हणजे शेअरमागे दीड रुपया. दहा रुपयांवर १५ टक्के. रोखेधारक मात्र आपल्या ९ टक्क्यांवरच आहे.

पुढच्या वर्षी फळगळ झाली, माल अर्धा आला आणि खर्च वजा जाता ७६ लाख उरले. व्याजाचे ३६ लाख तसेच गेले. ४० लाखांतून कर गेला, ३० लाख राहिले, शेअरमागे ५० पैसे. धंद्याचे उत्पन्न निम्म्यावर आले, पण शेअरधारकाचा वाटा तिसऱ्या हिश्शावर घसरला. तिसऱ्या वर्षी गारपीट झाली आणि हाती फक्त ३० लाख आले. व्याजाला सहा लाख कमी पडले. ते राखीव पैशातून नाहीतर उधारीने द्यावेच लागतात. शेअरधारकाला त्या वर्षी शून्य, शिवाय सहा लाखांचा तोटा त्याच्याच नावावर. तिन्ही वर्षांत रोखेधारकाचे ३६ लाख जागचे हलले नाहीत.

शेअरधारक सगळ्यांचे देऊन झाल्यावर जे उरते त्याचा धनी असतो. मजूर, वीजमंडळ, बँक, रोखेधारक, सरकार, सगळे त्याच्या आधी. म्हणून चांगल्या वर्षी त्याला सगळ्यांपेक्षा जास्त मिळते आणि वाईट वर्षी झटका त्यालाच आधी बसतो. कर्ज जितके मोठे तितके हे दोन्ही टोकांचे अंतर वाढते. एखाद्या कंपनीचा शेअर घेण्याआधी तिचे कर्ज किती आहे हे का बघायचे, त्याचे उत्तर या तीन वर्षांत आहे.

चांगल्या वर्षीचे ते ९० लाख कंपनी सगळेच वाटून टाकते असे नाही. समजा तिने ३० लाख लाभांश म्हणून दिले, शेअरमागे ५० पैसे, आणि ६० लाख ठेवून शीतगृह बांधले. त्या शीतगृहातून कर जाऊन १५ टक्के सुटू लागले, तर पुढच्या तशाच चांगल्या वर्षी नफा ९० ऐवजी ९९ लाख होईल, शेअरमागे १ रुपया ६५ पैसे. नवा पैसा न घालता तुमच्या त्याच कागदामागची कमाई वाढली. शेअरची खरी वाढ इथून येते. बाजारातला भाव आज ना उद्या या वाढीच्या मागे जातो. महागाईचेही तसेच: पेटीचा दर वाढला की कंपनीच्या विक्रीचा आकडाही वाढतो, रोख्याचे ३६ लाख मात्र आहेत तेवढेच राहतात.

पण चांगली कंपनी घेतली म्हणजे चांगली कमाई झाली असे होत नाही, कारण किती भावाने घेतली हा प्रश्न उरतोच. दीड रुपया कमावणारा हा शेअर कोणी १५ रुपयांना घेतला तर त्याच्या पैशावर कंपनी वर्षाला १० टक्के कमावते आहे. गावभर चर्चा झाली, भाव ६० वर गेला आणि शेजाऱ्याने तेव्हा घेतला, तर कारखाना तोच, संत्री तीच, पण त्याच्या पैशावरची कमाई अडीच टक्के. त्याला रोख्याइतके मिळायचे तर नफा कित्येक पट वाढावा लागेल. वाढलाही तरी ती वाढ त्याने आधीच भावात देऊन ठेवली आहे. आणि त्याचे ते ६० रुपये कंपनीला गेलेले नसतात. ते गेले आधी शेअर घेऊन बसलेल्या कोणा दुसऱ्याला. कंपनीला पैसा मिळतो तो पहिल्या विक्रीत, पुढचे सगळे व्यवहार धारकाधारकांतले.

एकाच कारखान्यावर हे दोन्ही कागद काढण्याचे आपल्याकडचे सर्वांत ठसठशीत उदाहरण १९०७ चे आहे. टाटांचा पोलाद कारखाना उभा करायला लंडनच्या बाजारात पैसे मिळेनात, तेव्हा ऑगस्ट १९०७ मध्ये भांडवल भारतातच मागायचे ठरले. ते स्वदेशीचे दिवस होते. मुंबईच्या कचेरीत लोकांची रीघ लागली आणि तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भारतीयांनी सोळा लाख तीस हजार पौंडांचे भांडवल भरले. पुढे खेळत्या पैशासाठी चार लाख पौंडांचे, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने साठ लाख रुपयांचे डिबेंचर काढले. डिबेंचर म्हणजे कंपनीचाच रोखा. ते सगळेच्या सगळे एका माणसाने घेतले, ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी. आठ हजार जणांनी कारखान्याचे भवितव्य विकत घेतले आणि महाराजांनी त्याच कारखान्याला व्याजाने पैसे दिले.

फेब्रुवारी १९१२ मध्ये पहिले पोलाद निघाले. महायुद्धात मागणी वाढली तेव्हा शेअरधारकांचे दिवस आले. युद्ध संपल्यावर बाहेरचे स्वस्त पोलाद आले, विस्ताराचा खर्च अंगावर होता, आणि १९२४ साली कामगारांचे पगार द्यायलाही पैसे नव्हते. दोराबजी टाटांनी स्वतःची मालमत्ता, पत्नीच्या दागिन्यांसह, इंपीरियल बँकेकडे गहाण ठेवून कर्ज काढले तेव्हा कारखाना तरला. त्यानंतरही बरीच वर्षे साध्या शेअरवर लाभांश मिळाला नाही. देशातला सर्वांत महत्त्वाचा कारखाना, प्रामाणिक चालक, लोकांचा पाठिंबा, आणि तरी भागीदाराच्या हाती वर्षानुवर्षे काही नाही. शेअरमध्ये थांबणे म्हणजे काय, याचे यापेक्षा प्रामाणिक उदाहरण मला माहीत नाही. आज टाटा स्टील उभी आहे आणि ज्या घरांत ते कागद राहिले त्यांना थांबण्याचे फळ मिळाले, पण तेव्हाच्या भागधारकाला हे कोणी लिहून दिलेले नव्हते.

रोखा म्हणजे ‘ठरलेले मिळणारच’ असे वाटत असेल, तर दुसरे उदाहरण बघावे लागेल. डीएचएफएल ही मुंबईची गृहकर्ज देणारी कंपनी. २०१८ च्या उन्हाळ्यात तिने लोकांना हजारो कोटींचे रोखे विकले, व्याज ९ टक्क्यांच्या आसपास, पतमानांकन सर्वांत वरचे, ‘ट्रिपल ए’. एफडीपेक्षा टक्का-दोन टक्के जास्त मिळते म्हणून निवृत्तीचे पैसे त्यात घालणारे कितीतरी होते. २१ सप्टेंबर २०१८ रोजी तिचा शेअर एका दिवसात चाळीस टक्क्यांहून जास्त कोसळला. रोखेधारकांचे व्याज तेव्हा वेळेवर येत होते, त्यामुळे पुष्कळांना ते शेअरवाल्यांचे दुखणे वाटले. जून २०१९ मध्ये रोख्यांचा हप्ता चुकला आणि काही दिवसांतच मानांकन तळाच्या ‘डी’वर आले. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बाजूला केले आणि प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेले.

कोणत्या कागदाला काय मिळाले ते पाहा. घेणेकऱ्यांचे दावे होते सुमारे ८७ हजार कोटींचे. पिरामल समूहाची ३४,२५० कोटींची योजना जून २०२१ मध्ये मंजूर झाली. त्यातली निम्म्याहून अधिक रक्कमही रोख नव्हती, तर दहा वर्षांच्या नव्या रोख्यांच्या रूपात होती, व्याज ६.७५ टक्के. रोखेधारकांना रुपयामागे अर्ध्याहून कमी हाती आले. शेअरधारकांना शून्य. शेअर बाजारातून काढून टाकला गेला आणि कागद रद्द झाला. त्याच महिन्यापर्यंत तो शेअर दहा-वीस रुपयांच्या घरात विकला जात होता. घेणाऱ्यांना वाटत होते की नवा धनी आला की भाव चढेल. कर्ज देणाऱ्यांचेच पुरे पडत नाही तिथे उरलेल्यावर हक्क असणाऱ्याला काय मिळणार, हा साधा हिशेब त्यांनी केला असता तर ते पैसे वाचले असते.

रांगेत पुढे उभे राहणे म्हणजे पूर्ण पैसे मिळणे नव्हे, हे रोखेधारकाने इथे शिकायचे. आणि मानांकन म्हणजे हमी नव्हे, ते आजचे मत आहे. कंपनीचा रोखा घेताना तीन गोष्टी अर्जाच्या कागदात शोधाव्यात: तो तारण असलेला आहे की बिनतारणी, तारण असेल तर कशाचे, आणि आपल्या आधी कोणाकोणाचे पैसे द्यायचे आहेत. बँकांच्या ‘अतिरिक्त टियर वन’ रोख्यांत तर बँक अडचणीत आल्यास मुद्दल पुसले जाऊ शकते असे कलमच असते. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे असे ८,४१५ कोटींचे रोखे शून्यावर आणले गेले, तिचे शेअर मात्र शिल्लक राहिले. त्यावर न्यायालयात लढाई झाली ती वेगळी, पण नावात रोखा आहे म्हणून तो शेअरच्या पुढे उभा असतो असे नाही, हे या कलमाने दाखवले. व्याज सरकारी रोख्यापेक्षा दोन-तीन टक्के जास्त दिसले, तर तो जास्तीचा पैसा पैसे बुडण्याच्या शक्यतेची किंमत आहे, असे धरूनच पुढे वाचावे. कंपन्यांच्या बऱ्याच रोख्यांना बाजारात गिऱ्हाईक रोज मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे. मध्येच विकायचे झाले तर भाव पाडून मागतात.

कराचा एक मुद्दा बागाईतदारांनी आवर्जून समजून घ्यावा. संत्र्याच्या उत्पन्नावर आयकर नाही, पण त्याच पैशाच्या रोख्यावर आलेले व्याज शेतीचे उत्पन्न राहत नाही. ते तुमच्या एकूण उत्पन्नात मिळवले जाते आणि तुमच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. इतर उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर गेले, तर कराचा दर ठरवताना शेतीचे उत्पन्नही जमेत धरले जाते आणि दर वर सरकू शकतो. शेअरवरच्या लाभांशाला २०२० पासून असाच टप्प्याप्रमाणे कर आहे. शेअर वर्षभरापेक्षा जास्त ठेवून विकला तर जुलै २०२४ पासून नफ्यातल्या पहिल्या सव्वा लाखावर कर नाही, त्यावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. वर्षाच्या आत विकला तर वीस टक्के.

म्हणून बगीचा विकून हाती आलेली रक्कम कुठे घालायची हे त्या पैशाची गरज कधी लागणार यावर ठरवावे. तीन वर्षांनी मुलीच्या कॉलेजची फी भरायची असेल, तर त्याच सुमाराला मुदत संपणारा सरकारी रोखा बरोबर बसतो, आणि मुदत जुळली की मधल्या भावाच्या चढउताराशी संबंध उरत नाही. तो पैसा शेअरमध्ये घातला आणि नेमके त्या जूनमध्ये बाजार तीस टक्के खाली असला, तर फी भाव सुधारण्याची वाट पाहत नाही. उलट ज्या पैशाला दहा-पंधरा वर्षे हात लावायचा नाही तो सगळा रोख्यात ठेवला, तर महागाई त्यातला मोठा वाटा खाऊन जाते. त्यासाठी शेअर, आणि तेही एकाच कंपनीचे नव्हेत. ज्याचे सगळे उत्पन्न एका पिकावर आणि आटत चाललेल्या भूजलावर उभे आहे, त्याने शेअरही शेतीमालाच्याच कंपन्यांचे घेतले, तर ज्या वर्षी बगीचा बसेल त्याच वर्षी त्याचे शेअरही बसतील.